टार्गेट झालं नाही तर रिफंड कसला? पैसे गेलेलेच नसतात

*"सावधान!! सर्व ग्रुपवर पाठवा. क्राउडफंडिंगच्या नावाखाली नवीन लूट.*
*१) कार्ड नंबर टाकताच पूर्ण पैसे कापले जातात, 'टार्गेट झालं तरच घेऊ' हे फक्त सांगायला.*
*२) टार्गेट झालं नाही तर कंपनी ते पैसे महिनोन्महिने व्याजाने फिरवते.*
*३) पैसे परत हवे असतील तर ८ दिवसांत कार्डची माहिती व ओटीपी देऊन रिफंड फॉर्म भरावा लागतो, नाहीतर पैसे बुडाले. मदतीसाठी खालील नंबरवर संपर्क करा.*
*४) एकदा हो म्हटलं की कंपनी वाटेल तेव्हा वाटेल तेवढे पैसे काढू शकते. ताबडतोब कार्ड बंद करा."*

हा मेसेज माझ्याकडे तीन ग्रुपवरून आला. दोनदा मी तो वाचून सोडून दिला. तिसऱ्यांदा तो उदगीरहून माझ्या दाजींनी पाठवला आणि खाली लिहिलं, "ताईनं ह्याच्यात पैसे घातलेत. त्या नंबरवर फोन केलाय." तेव्हा मात्र मी हातातलं काम टाकून फोन लावला.

ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिनं किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या, म्हणजे एखाद्या कामासाठी अनेकांकडून थोडे थोडे पैसे जमवण्याच्या, संकेतस्थळावर भिंगांच्या एका संचासाठी ४८ डॉलर कबूल केले होते, आपले साधारण चार हजार रुपये. मोहीम ३० दिवसांची होती, तेवढ्यात ठरलेली रक्कम म्हणजे टार्गेट जमायला हवं होतं, आणि अजून बारा दिवस बाकी होते. मी स्वतः पुण्यात सहा वर्षं एका पेमेंट कंपनीच्या हिशेब जुळवणीच्या टेबलावर बसले आहे. कोणाच्या कार्डावरून काय अडकलं, काय कापलं, काय परत गेलं, हेच दिवसभर पाहायचं काम होतं. म्हणून हे लिहिणं मला टाळता येत नाही.

तिसऱ्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते, कारण घरं बुडवणारा मुद्दा तो आहे. बाकीचे तीन त्याच्याकडे नेण्यासाठीच रचलेले आहेत.

"आधी पैसे कापतात" हे एकदा मनात बसलं की माणूस ते परत मिळवायच्या मागे लागतो, आणि परत मिळवायचा रस्ता म्हणून त्याच मेसेजात एक नंबर दिलेला असतो. दाजींनी त्या नंबरवर फोन केला. पलीकडचा माणूस गोड बोलणारा, मराठीत बोलणारा. म्हणाला, "तुमची मोहीम फेल गेलीय काका, रिफंड पडून आहे, आज शेवटचा दिवस." कार्डावरचा सोळा आकडी नंबर घेतला, मुदत घेतली, मागचे तीन आकडे घेतले. मग म्हणाला, "आता ओटीपी येईल तो सांगा." ओटीपी येणारा मोबाइल ताईजवळ होता. दाजी आतल्या खोलीत ओरडले, "अगं, आलेला नंबर सांग लवकर, पैसे वापस येऊलालेत!"

ताईनं मेसेज उघडला आणि आकडा सांगायच्या आधी पूर्ण वाचला. त्यात एका दुकानाचं नाव होतं आणि २४,५०० रुपयांच्या खरेदीसाठी हा ओटीपी आहे असं लिहिलेलं होतं. चार हजार परत यायचे तर साडेचोवीस हजारांची खरेदी कुठून आली? तिनं आकडा सांगितला नाही, फोन बंद केला. त्या एका वाक्याच्या वाचनानं तिचा अर्धा पगार वाचला.

आता हे नीट लक्षात घ्या. टार्गेट झालं तरच पैसे घेणाऱ्या मोहिमेत टार्गेट झालं नाही, तर परत करण्यासारखं काही नसतंच. तुमच्या खात्यातून रुपया गेलेला नसतो. त्यामुळे फॉर्म, मुदत, मदत क्रमांक यांपैकी काहीच नसतं. मोहीम संपते, तुम्हाला "टार्गेट पूर्ण झालं नाही, तुमच्याकडून पैसे घेतले जाणार नाहीत" अशी मेल येते आणि विषय मिटतो. या प्रकारच्या मोहिमेनंतर कुणीही रिफंड देतो म्हणाला की तो चोर आहे, हे इतक्या ठामपणे सांगता येतं ते याच कारणानं.

आणि जिथं खरोखर पैसे घेतले जातात आणि खरोखर परत येतात, तिथंही ओटीपी लागत नाही. कार्डावरून गेलेला पैसा त्याच कार्डावर उलट्या वाटेनं येतो, त्यासाठी विकणाऱ्याकडं मूळ व्यवहाराची नोंद असणं पुरेसं असतं. मी सहा वर्षांत हजारो रिफंड सोडले, एकाही ग्राहकाला फोन करून काही विचारलं नाही. ओटीपी आणि यूपीआयचा पिन या दोन्ही गोष्टी पैसे जाण्यासाठी असतात. येण्यासाठी त्यांची गरज कधीच नसते.

आता किकस्टार्टरच्या वापराच्या अटी बघू, कारण या सगळ्यावर दुसऱ्या कुणाच्या सांगण्यापेक्षा त्या जास्त कामाच्या आहेत. त्यात साध्या भाषेत लिहिलंय की पाठिंबा देताना तुम्ही पैसे भरण्याची माहिती द्याल, पण तेव्हा तुमच्याकडून पैसे घेतले जाणार नाहीत. मुदत संपेल त्या वेळी टार्गेट पूर्ण झालेलं असेल तरच वसुली होईल. झालेलं नसेल तर वसुली नाही, कुणाच्या हातातून कुणाच्या हातात पैसा जाणार नाही. २००९ मध्ये हे संकेतस्थळ सुरू झालं ते याच तत्त्वावर आणि आजही मोहिमेच्या पानावर पाठिंब्याच्या बटणाखाली `All or nothing` असे शब्द दिसतात. पुढच्याच ओळीत कोणत्या तारखेपर्यंत टार्गेट गाठायचं आहे तेही असतं.

म्हणजे पहिला मुद्दा इथंच पडतो. पण तो लोकांना खरा का वाटतो, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, कारण कार्डाच्या बाबतीत तीन वेगळ्या गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो. "पैसे कापले."

आमच्या गावात सप्ताहाची वर्गणी असते ती आठवा. पारावर वही घेऊन दोघं बसतात. तुम्ही म्हणता, "माझे ५०१ लिहा." वहीत तुमच्या नावापुढं आकडा पडतो, पैसा खिशातच असतो. ही झाली पहिली गोष्ट, कबुली. दुसरी गोष्ट अशी की तुम्ही घरी पाचशे एक रुपये वेगळे काढून डब्यात ठेवता, बाजाराला वापरायचे नाहीत असं ठरवता. पैसा अजून तुमचाच, तुमच्याच घरात, पण हात लावायचा नाही. तिसरी गोष्ट, वहीवाला येतो आणि तुम्ही नोटा त्याच्या हातात देता.

कार्डाच्या दुनियेतही नेमकं असंच आहे. पहिल्या प्रकारात कार्ड फक्त नोंदवून ठेवलं जातं, पुढं अमुक अट पूर्ण झाली तर इतके पैसे घ्यायला माझी परवानगी आहे, एवढंच. दुसऱ्या प्रकारात बँक तेवढी रक्कम अडकवून ठेवते, आम्ही तिला 'ऑथ' म्हणायचो, लोक होल्ड म्हणतात. तिसऱ्या प्रकारात ती रक्कम प्रत्यक्ष वसूल होते, ते 'कॅप्चर'. हॉटेलात खोली घेताना कार्ड घासतात आणि शेवटी बिलाइतकेच घेतात, तिथं दुसरा आणि तिसरा प्रकार वेगवेगळ्या दिवशी होतो.

आता कुणी विचारेल, मग क्राउडफंडिंगवाले तीस दिवस रक्कम अडकवूनच का ठेवत नाहीत? कारण ते जमतच नाही. ऑनलाइन व्यवहाराचा होल्ड बहुतेक वेळा सातएक दिवसांत आपोआप सुटतो. त्या आत वसुली केली नाही तर बँक रक्कम मोकळी करते. किकस्टार्टरवर मोहीम ६० दिवसांपर्यंत चालू शकते. आज घातलेला होल्ड दोन महिने टिकणार नाही. म्हणून कार्डाची नोंद ठेवायची, मुदत संपताच टार्गेट बघायचं, आणि झालं असेल तरच सगळ्या कार्डांवर एकदम वसुली टाकायची, हीच पद्धत. आधी सगळ्यांकडून घेऊन नंतर परत करायचं म्हटलं तर शेकडो रिफंड सोडावे लागतात, आणि प्रत्येक व्यवहारामागं गेटवेला दिलेलं शुल्क बऱ्याच ठिकाणी परत मिळत नाही. त्यात कुणाचाच फायदा नाही.

दाजींना हे सांगताना मला शेअर बाजाराचा आधार घ्यावा लागला, कारण ते आयपीओला अर्ज करतात. मी म्हटलं, "दाजी, यूपीआयवरून आयपीओ भरता तेव्हा पैसे कापतात का?"

"नाही, ब्लॉक होतेत. मिळालं तर कापतेत."

"आणि नाही मिळालं तर रिफंड फॉर्म भरता का?"

"नाही ना. आपोआप सुटतेत."

तेच आहे. आयपीओत रक्कम निदान अडकते तरी. तुमच्याच खात्यात राहते, बचत खात्याचं व्याजही चालू राहतं, फक्त वापरता येत नाही. ताईच्या मोहिमेत तर तेवढंही झालेलं नव्हतं. मी तिला बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघायला लावली. होल्ड असेल तर खात्यातली एकूण शिल्लक आणि वापरता येणारी शिल्लक यांत फरक दिसतो. तिच्या दोन्ही आकड्यांत एका रुपयाचाही फरक नव्हता. दोन मिनिटांचं काम आहे. मेसेज पुढं पाठवण्याआधी कुणीही हे करू शकतं.

आता पहिल्या मुद्द्यात जेवढं खरं आहे तेवढं मान्य करते, इच्छा नसली तरी. एक म्हणजे काही ठिकाणी कार्ड चालू आहे का हे बघायला रुपया-दोन रुपयांचा तपासणीचा व्यवहार होतो आणि मागं घेतला जातो. त्याचा बँकेकडून मेसेज येतो आणि माणूस दचकतो. दुसरं, किकस्टार्टरच्याच अटींत असंही लिहिलंय की पाठिंबा दिल्यापासून वसुलीपर्यंत कधीही ते कबूल रकमेपर्यंतचा होल्ड कार्डावर घालू शकतात. म्हणजे एखाद्याला मधेच रक्कम अडकलेली दिसली तर तो खोटं बोलत नाही. फक्त ती कापलेली नाही, अडकलेली आहे, आणि वसुली झाली नाही तर सुटणार आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी. सगळं क्राउडफंडिंग या पद्धतीचं नसतंच. इंडिगोगोवर वर्षानुवर्षं पाठिंबा देतानाच पैसे घेण्याची पद्धत होती, आणि तिथं टार्गेट झालं नाही तरी जमलं तेवढं घेण्याचा प्रकारही होता. आपल्याकडं दवाखान्याच्या खर्चासाठी मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू यांच्यावर जी मदत मागितली जाते, तिथं तुम्ही पाचशे रुपये टाकले की पाचशे रुपये त्याच क्षणी जातात. ते बरोबरच आहे. आजारी माणसाला दहा लाखांऐवजी चार लाख जमले तर ते चार लाखही त्याला हवेच असतात, "टार्गेट झालं नाही, आता काहीच घेऊ नका" असं तिथं कोण म्हणेल? पण भिंगांचा साचा बनवायला वीस हजार डॉलर लागतात आणि नऊच हजार जमले, तर साचा अर्धा बनत नाही. तिथं अर्धे पैसे घेणं म्हणजे देणाऱ्यालाही बुडवणं आणि करणाऱ्यालाही. म्हणून तिथं सगळं किंवा काहीच नाही. कोणती मोहीम कोणत्या जातीची आहे हे पैसे देण्याच्या पानावरच लिहिलेलं असतं. ते वाचायचं, मग कार्ड काढायचं. किकस्टार्टरवरही मोहीम यशस्वी होऊन संपल्यावर जे उशिरा येतात त्यांच्याकडून लगेच पैसे घेतले जातात, कारण तेव्हा टार्गेटची अट आधीच पूर्ण झालेली असते.

दुसऱ्या मुद्द्यावर फार वेळ घालवायची गरज नाही. जो पैसा तुमच्या खात्यातून निघालाच नाही, तो दुसरा कुणी व्याजानं कसा फिरवेल? होल्ड असला तरी तो तुमच्याच बँकेत असतो. जिथं लगेच पैसे घेतले जातात तिथं काही दिवस तो पैसा मधल्या पेमेंट कंपनीकडं असतो, हे खरं. पण भारतातल्या अशा कंपन्यांना रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तो बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावा लागतो, आपल्या धंद्यात वापरता येत नाही. आमच्याकडं त्या खात्याचा मेळ रोज संध्याकाळी लागायचा आणि शंभर रुपयांचा फरक निघाला तरी कुणी घरी जात नसे.

आता चौथा मुद्दा. "वाटेल तेवढे" हे साफ खोटं आहे. तुम्ही कबूल केलेल्या आकड्याचीच परवानगी असते. ४८ डॉलर म्हणजे ४८ डॉलर. टपालखर्च आधीच मिळवलेला नसेल तर मोहीम करणारे नंतर तो वेगळा मागतात, पण तो तुम्ही स्वतः पुन्हा भरायचा असतो. "वाटेल तेव्हा" हेही खोटं, कारण वसुलीची वेळ मोहिमेच्या पानावर तारीख आणि तासासकट असते. तोपर्यंत तुम्ही आकडा कमी करू शकता, पूर्ण माघारही घेऊ शकता. अडचण फक्त शेवटच्या २४ तासांत येते. तुमच्या माघारीनं मोहीम टार्गेटच्या खाली जाणार असेल तर त्या वेळी स्वतःहून रद्द करता येत नाही. वर्गणीचा हिशेब लागून मंडपवाल्याला शब्द देऊन झाल्यावर कुणी नाव मागं घेऊ नये, तसाच तो नियम आहे.

रुपयांतला आकडा मात्र थोडा हलतो, आणि याबद्दल लोकांना आधी कुणी सांगत नाही. डॉलर ठरलेले असतात, पण रुपयांचा भाव वसुलीच्या दिवशीचा लागतो, आणि परदेशी चलनाच्या व्यवहारावर आपली बँक साधारण दोन ते साडेतीन टक्के आकार लावते. त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. चार हजारांवर साडेतीन टक्के धरले तर १४० रुपये, त्यावर जीएसटी सुमारे २५. म्हणजे पासबुकात ४,१६५ च्या आसपास दिसतील. हे जास्तीचे पैसे मोहीमवाल्याला जात नाहीत, तुमच्याच बँकेला आणि सरकारला जातात. पण मेसेज लिहिणाऱ्यासारखा माणूस पासबुक दाखवून म्हणेल, "बघा, जास्त कापले."

राहिलं "ताबडतोब कार्ड बंद करा." दाजींनी तेच केलं. इथं मात्र मी त्यांना बोल लावणार नाही. कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे चोराला सांगून झाल्यावर बंद करणं हाच शहाणपणा होता. त्याच दिवशी मी त्यांना सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन करायला लावला आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवायला लावली, मेसेजातल्या नंबरसकट. पण कार्ड बंद करावं लागलं ते क्राउडफंडिंगमुळं नव्हे, या मेसेजामुळं.

त्याचा पुढं काय परिणाम झाला तेही सांगते, कारण यातच सगळ्यांत फसवी जागा आहे.

बारा दिवसांनी मोहीम संपली आणि टार्गेट झालं, अगदी काठावर. त्या रात्री सगळ्या कार्डांवर वसुली टाकली गेली. ताईचं कार्ड बंद, त्यामुळं तिची वसुली फसली. नवीन कार्ड टपालानं यायचं होतं. सकाळी तिला मेल आली की तुमचे पैसे घेता आले नाहीत, सात दिवसांत कार्डाची माहिती दुरुस्त करा.

ताईनं मला फोन केला आणि विचारलं, "आता हे खरं की खोटं? हेबी कार्डच मागायलेत."

प्रश्न अगदी रास्त आहे. टार्गेट झालेल्या मोहिमेत वसुली फसली तर खरंच कार्ड पुन्हा मागितलं जातं, आणि खरंच सात दिवसांची मुदत असते. त्या काळात ते मधूनमधून पुन्हा प्रयत्नही करतात. नाही जमलं तर तुमचं नाव यादीतून जातं, बाकी काही दंड नाही. म्हणजे खऱ्या मेलमध्ये आणि चोराच्या मेसेजात मुदतही जवळपास सारखी, कार्डाची मागणीही सारखी. मग ओळखायचं कसं?

एक खूण पैशाच्या दिशेची. खरी मागणी येते ती टार्गेट झाल्यावर, आणि ती तुमच्याकडून पैसे मागते. चोर येतो तो टार्गेट झालं नाही असं सांगत, आणि पैसे देतो म्हणतो. दुसरी खूण रस्त्याची. मेलमधल्या लिंकला हातच लावायचा नाही. संकेतस्थळाचं नाव स्वतः टाइप करायचं, आपल्या खात्यात जायचं, आपण दिलेल्या पाठिंब्यांची यादी उघडायची. वसुली खरंच फसली असेल तर तिथंही तसं लिहिलेलं असतं. नसेल तर मेल खोटी. ताईनं माझ्याशी बोलत बोलतच ते केलं. यादीत तिच्या संचापुढं पैसे घेता आले नाहीत अशी सूचना होती. म्हणजे मेल खरी होती.

कार्ड बंद नसतानाही आपल्याकडं अशी वसुली फसते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवीन कार्डांवर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार सुरुवातीला बंदच असतात, ते आपण ॲपमधून चालू करायचे. बरेच जण पाठिंबा देताना चालू करतात आणि सुरक्षिततेसाठी लगेच बंद करून टाकतात. सवय चांगली आहे, पण इथं वसुली महिन्यानं व्हायची असते. मोहीम संपायच्या दिवशी तेवढ्यापुरतं परत चालू करावं लागतं, आणि खात्यात तेवढी शिल्लक ठेवावी लागते. रक्कम अडकवलेली नसल्यामुळं ती जपून ठेवायची जबाबदारी आपलीच. वहीत नाव लिहून आलेल्या माणसानं वहीवाला येईल त्या दिवशी घरात पैसे ठेवायचे असतात, तसं.

फसलेल्या वसुलीचा भार पडतो मोहीम करणाऱ्यावर. टार्गेट झालं की नाही हे मुदतीच्या क्षणी कबूल झालेल्या रकमेवर ठरतं, हातात आलेल्यावर नाही. धरा, टार्गेट २०,००० डॉलर, ४०० लोकांनी मिळून कबूल केले २०,३१०. मोहीम यशस्वी ठरली. पण वसुलीत ६०० डॉलर फसले. हातात १९,७१०. त्यातून किकस्टार्टरचे पाच टक्के, म्हणजे ९८५. कार्डाच्या प्रक्रियेचे तीन टक्के आणि दर माणशी २० सेंट, ते मिळून सुमारे ६७०. उरले साधारण १८,०५०, आणि तेही मुदतीनंतर चौदाएक दिवसांनी खात्यात. वीस हजारांचा साचा अठरा हजारांत बसत नाही. म्हणून अनुभवी लोक टार्गेट लावतानाच हा खड्डा धरून लावतात, आणि म्हणून मेसेज वाचून घाबरून कार्ड बंद करणारे शंभर लोक एखाद्या होतकरू माणसाचं काम खरोखर अडवू शकतात.

एक गोष्ट मात्र हा मेसेज लिहिणाऱ्यानं लिहिलीच नाही, आणि सावध करायचंच होतं तर ती लिहायला हवी होती. टार्गेट झालं, पैसे गेले, म्हणजे वस्तू येईलच असं नाही. ती बनवून पाठवायची जबाबदारी मोहीम करणाऱ्याची असते, संकेतस्थळ तिची हमी घेत नाही. उशीर तर नेहमीचाच. पैसे घेण्याची पद्धत चोख असली तरी हा धोका उरतोच, आणि जेवढे गेले तरी घर हलणार नाही तेवढेच कबूल करावेत, हे मी ताईला पाठिंबा देण्याआधीच सांगितलं होतं.

सहाव्या दिवशी तिचं नवीन कार्ड आलं. तिनं परदेशी व्यवहार चालू केले, संकेतस्थळ स्वतः टाइप करून उघडलं आणि कार्ड नोंदवलं. ओटीपी आला तेव्हा मेसेज मोठ्यानं वाचला, दुकानाचं नाव आणि रक्कम दोन्ही, दाजींना ऐकू जाईल असा. मग आकडे टाकले. दहा मिनिटांनी बँकेचा मेसेज आला, पैसे गेल्याचा. ताईच्या या सगळ्या भानगडीत तिच्या खात्यातून पैसे गेले ते या एकाच वेळी. दाजींनी तो मेसेज दोनदा वाचला आणि मग ज्या तीन ग्रुपवर त्यांनी तो फॉरवर्ड टाकला होता, त्या तिन्हींवर त्याच्याखाली लिहिलं, "वरचा नंबर चोराचा आहे. फोन करू नका. मी केला होता."